मुदतवाढ फॉर्मला, सभेला नाही

कंपन्यांची आर्थिक पत्रके आणि वार्षिक विवरणे भरायला जादा शुल्काशिवाय ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली, ही बातमी सर्वांनी वाचली आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या १७ ऑक्टोबरच्या त्या परिपत्रकाचा शेवट मात्र फारसा छापून आला नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या तारखेला ही मुदतवाढ लागू नाही आणि ज्यांनी सभा वेळेत घेतली नाही त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. फॉर्म डिसेंबरमध्ये भरला तरी चालणार होते, पण त्यात लिहायची सभा सप्टेंबरअखेरपर्यंतची हवी होती. नेमक्या याच फटीतून मागच्या तारखेची इतिवृत्ते जन्माला येतात. आणि सेक्रेटेरिअल ऑडिट, म्हणजे सभांची इतिवृत्ते, कायद्याने ठेवायच्या नोंदवह्या आणि फॉर्म भरल्याच्या तारखा यांची तपासणी, ही इतिवृत्ते सर्वांत आधी पकडते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न मोठ्या कारखानदारांपेक्षा शेतकरी उत्पादक कंपन्यांना जास्त भिडतो. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात ही सोय झाली. आज ती २०१३ च्या कायद्याच्या २१-अ प्रकरणात आहे. कायद्याच्या नजरेत अशी कंपनी खासगी कंपनीच असते. तिचा निबंधक तालुक्याच्या सहकार खात्यात बसत नाही, तर पुण्याच्या कंपनी निबंधक कार्यालयात बसतो, आणि त्याच्याशी बोलणे होते ते फॉर्ममधून. पण संचालक मंडळावर बसलेली माणसे बहुधा सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था पाहिलेली असतात. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिलेल्या या जिल्ह्यात प्रोसिडिंग बुक कसे लिहायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही. अडचण अशी की, शिकलेले असते ते सहकाराचे.

कलम २०४ नुसार हे ऑडिट खासगी कंपनीला सक्तीचे होते ते बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांचे येणे कर्ज १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा. ऊस गाळणारा खासगी कारखाना त्या रेषेपर्यंत पोहोचू शकतो, कांदा-दुधाची शेतकरी कंपनी सहसा नाही. तिने ते स्वतःहून, प्रॅक्टिस करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीकडून करून घ्यायचे असते. त्यात काय घडते ते समजावे म्हणून एक काल्पनिक कंपनी घेऊ. राहुरी तालुक्यातली, ४२० शेतकऱ्यांची, १० संचालकांची. तपासणी २०२४-२५ या वर्षाची.

तपासणारा सुरुवातीला कुठलेही इतिवृत्त वाचत नाही. तो एका कागदावर फक्त तारखा मांडतो. एका रकान्यात संचालक मंडळाच्या सभा, दुसऱ्यात त्यांच्या नोटिसा, तिसऱ्यात पुण्याकडे गेलेले फॉर्म, चौथ्यात बँकेला दिलेले ठराव. उत्पादक कंपनीत मंडळाची सभा दर तीन महिन्यांतून किमान एकदा आणि वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते, नोटीस सात दिवस आधीची हवी, कोरम एकतृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी नाही. आपल्या कंपनीत १० संचालक, म्हणजे चौघे हजर हवेत. इतिवृत्त सभा संपल्यापासून ३० दिवसांत वहीत यावे लागते, पानांना ओळीने क्रमांक असावे लागतात आणि प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही हवी. टाइप केलेला कागद वहीत चिकटवणे कायद्याला मान्य नाही.

आपल्या कंपनीच्या वहीत चारही सभा वेळेवर आहेत. २८ जून २०२४ चे इतिवृत्तही नेटके आहे. पण त्यात कंपनीचा पत्ता ‘जि. अहिल्यानगर’ असा आहे. जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले ऑक्टोबर २०२४ मध्ये. एवढ्यावरून कुणी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही, कारण नामांतराची घोषणा मे २०२३ मधली आणि तेव्हापासून अनेक जण नवे नाव वापरत होते. मात्र आता प्रश्न उभा राहिला, म्हणून तपासणारा त्याच पानावरची हजेरी पाहतो. हजर संचालकांत एका ताईंचे नाव आहे. त्यांची नेमणूक झाल्याचा डीआयआर-१२ फॉर्म पाहिला तर तारीख निघते सप्टेंबर २०२४ ची. ज्या बाई जूनमध्ये संचालकच नव्हत्या, त्या जूनच्या सभेत सही करून बसल्या आहेत. आता शंका राहत नाही. जूनचे इतिवृत्त नंतर लिहिले गेले. एका कागदावरची तारीख हवी तशी लिहिता येते, पण तिच्या शेजारच्या दहा कागदांवरच्या तारखा तिला साथ देतीलच असे नाही. या ऑडिटचे सारे बळ त्यात आहे.

दुसरा भाग नोंदवह्यांचा. वह्या बऱ्याच असतात, पण शेतकरी कंपनीत जीव अडकतो तो एमजीटी-१ नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत. शेअरचे पैसे गावोगाव फिरून पावती पुस्तकावर गोळा होतात. तपासणारा पावत्या मोजतो तेव्हा प्रत्येकी १,००० रुपयांच्या ४२० निघतात, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदवहीत नावे ३७१. शेअर वाटपाच्या पीएएस-३ फॉर्मवरही भांडवल ३ लाख ७१ हजार. उरलेल्या ४९ जणांनी पैसे दिले, पावती घेतली, कांदाही कंपनीला घातला, पण मंडळाने त्यांना शेअर वाटल्याचा ठरावच केला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते सभासद नाहीत. त्यांना मत नाही आणि त्यांचे ४९ हजार रुपये कंपनीकडे कोणत्या नात्याने पडून आहेत याचे उत्तर ताळेबंदाला देता येत नाही. दहा हजार एफपीओच्या केंद्रीय योजनेत प्रत्येक सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एका संस्थेला जास्तीत जास्त १५ लाख रुपये समभाग अनुदान मिळू शकते. अशी मागणी करताना नोंदवही आणि पीएएस-३ पुढे ठेवावे लागतात. पावती पुस्तक तिथे कामाला येत नाही.

सभासद किती, हा आकडा पुढे थेट सर्वसाधारण सभेत जातो. साध्या छोट्या खासगी कंपनीला कोरमसाठी दोन सभासद पुरतात. उत्पादक कंपनीला एकूण सभासदांच्या एकचतुर्थांश हवेत. ३७१ धरले तर ९३, ४२० धरले तर १०५. वहीत सभा २९ सप्टेंबर २०२५ ची आहे. जिल्ह्यात अतिवृष्टीने शेते पाण्यात गेली होती तो महिना. हजेरीपत्रकावर सह्या ६३. इतिवृत्त म्हणते, ‘कोरमअभावी सभा तहकूब करण्यात आली व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली.’ सहकारी संस्थेत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे आणि तिथे ते चालते. कंपनी कायद्याच्या कलम १०३ मध्ये अर्धा तास वाट पाहायची असते हे खरे, पण त्यानंतर सभा जाते ती पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी. म्हणून त्याच दिवशी ६३ जणांनी मंजूर केलेले ठराव टिकत नाहीत. इथे लबाडी कुणीच केलेली नाही. एका कायद्याची सवय दुसऱ्या कायद्यात आली, एवढेच.

आता त्या ३१ डिसेंबरकडे येऊ. सभेनंतर आर्थिक पत्रकांचा एओसी-४ भरायचा ३० दिवसांत, वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ भरायचा ६० दिवसांत. उशीर झाला की एकेका फॉर्मला रोज १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. २०२५ मध्ये मुदतवाढीमुळे तो भार टळला, म्हणून आपल्या कंपनीच्या सीएंनी ऑडिट सावकाश केले आणि अहवालावर १८ नोव्हेंबरला सही केली. मग २९ सप्टेंबरच्या सभेने कोणता ताळेबंद मंजूर केला? अहवालावर मागची, समजा ५ सप्टेंबरची, तारीख घालू म्हटले तरी सुटका नाही. सीएंच्या प्रत्येक प्रमाणित अहवालाला यूडीआयएन हा १८ अंकाक्षरी क्रमांक लागतो आणि तो सहीच्या तारखेपासून ६० दिवसांतच काढता येतो. ५ सप्टेंबरच्या सहीसाठी ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली. हा क्रमांक सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणीही पडताळू शकतो. पूर्वी मागच्या तारखेचे इतिवृत्त पकडायला शाई आणि कागद पाहावे लागत, आता घरबसल्या पाच मिनिटे पुरतात.

अशा वेळी वही पुन्हा लिहून काढू, असा सल्ला देणारे सल्लागार आहेत. तो ऐकू नये. इतिवृत्तात फेरफार सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड आहे. उलट सभा चुकली हे मान्य केले तर उत्पादक कंपनीच्या संचालकाला एक लाख रुपयांपर्यंत आणि चूक चालू राहिली तर दिवसाला आणखी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे ओझे हलके नाही, पण सभा घेतली की दिवस मोजणे थांबते. ऑडिटचा अहवाल आला की पुढच्या मंडळ सभेत तो वाचावा, जून २०२४ च्या वहीबद्दल खरे काय ते त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे, ४९ जणांच्या वाटपाचा ठराव करून पीएएस-३ भरावा, १४ दिवसांची नोटीस देऊन सर्वसाधारण सभा पुरा कोरम असताना नीट घ्यावी आणि फॉर्मवर तिचीच खरी तारीख घालावी. या क्रमात एक काळजी घ्यायची. वाटप सभेआधी झाल्यामुळे कोरम ९३ चा नव्हे, १०५ चा होतो. आणि सभा उशिराची दिसते म्हणून फॉर्मच न भरणे सर्वांत वाईट. सलग तीन वर्षे पत्रके किंवा विवरणे भरली नाहीत तर सर्व संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये देशभरात तीन लाखांहून अधिक संचालकांवर ती वेळ आली होती.

माझे मत असे की, दोष फक्त संचालकांचा नाही. बहुतेक शेतकरी कंपन्यांची इतिवृत्ते इंग्रजीत, शहरातल्या एखाद्या कार्यालयात, साच्यातून तयार होतात आणि सही करणाऱ्याला ती वाचताही येत नाहीत. कायद्याने इंग्रजीची सक्ती केलेली नाही. इतिवृत्त मराठीत, सभा झाली त्याच संध्याकाळी लिहिले असते, तर राहुरीच्या त्या ताईंनीच विचारले असते की जूनमध्ये मी इथे कशी. मुदतवाढ देताना मंत्रालयाने सभेची तारीख हलवली नाही, हे योग्यच केले. फॉर्म ही सरकारची सोय आहे, सभा हा सभासदाचा हक्क आहे. म्हणून आपल्या कंपनीचा फॉर्म गेला का, हे सीईओंना विचारण्याआधी सभासदाने सभासद नोंदवही मागावी आणि तीत आपले नाव शोधावे. कायद्याने त्याला ती पाहता येते.