‘बघायला नको, नुसतं औषध द्या’

संडासच्या जागेची तक्रार घेऊन आलेला माणूस ओपीडीत सगळ्यांना पुढे जाऊ देतो. त्याचा नंबर आला की खुर्चीत एका अंगावर टेकतो, ‘मूळव्याध झालीय’ असं निदान स्वतःच सांगतो आणि तपासायच्या टेबलाकडे नुसता हात केला तरी म्हणतो, “बघायला नको डॉक्टर, नुसतं औषध द्या.” त्याआधी बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून आणलेली एक-दोन मलमं लावून झालेली असतात. रक्त पडलं, आग झाली किंवा हाताला काही लागलं, की आपण सरसकट मूळव्याध म्हणून मोकळे होतो. पण चीर म्हणजे फिशर, भगंदर, मलाशयातली गाठ यांच्या तक्रारीही अशाच असतात. त्या वेगळ्या ओळखायच्या, तर बघावंच लागतं.

बघतात म्हणजे नेमकं काय करतात, याबद्दलच्या समजुती मात्र फार आहेत.

गैरसमज: ही तपासणी जीवघेणी दुखते.

गुदद्वाराचा शेवटचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. त्याच्या साधारण मध्यावर एक दातेरी कडा असते. कडेच्या खालचं अस्तर बाहेरच्या त्वचेसारखंच, टोचलेलं-कापलेलं लगेच कळणारं. कडेच्या वर मात्र दाब आणि ताण जाणवतो, टोचल्याचं दुखणं जाणवत नाही. आतली मूळव्याध या कडेच्या वर होते. म्हणून ती भांडंभर लाल रक्त दाखवते, पण दुखत नाही. चीर कडेच्या खाली पडते, म्हणून रक्त दोनच थेंब येतं आणि माणूस संडासात घाम फुटेपर्यंत कळवळतो.

तपासणीतही हाच फरक कामाला येतो. नुसती रक्ताची तक्रार असेल, तर बोट आणि नळी आत जाताना दाब जाणवतो, अवघडल्यासारखं होतं, संडासला लागल्याचा भास होतो. दुखणं त्यामानाने किरकोळच. ताजी चीर असेल, तर अनुभवी डॉक्टर आत बोट घालतच नाहीत. दोन्ही बाजूंची कातडी हलकेच फाकवली की चीर दिसते. बहुधा ती मागच्या बाजूला, मधोमध असते. तिच्यावर उपचार सुरू करून आतली तपासणी दुखणं ओसरल्यावर करतात, आणि अगदीच गरज पडली तर भूल देऊन. तेव्हा ‘संडासनंतर तासभर आग होते’ हे टेबलावर चढण्याआधी सांगा. ते ऐकून डॉक्टर तपासणीची पद्धत बदलतील.

गैरसमज: बोटाने तपासलं, आता नळी कशाला?

एक उदाहरण घेऊ. ४२ वर्षांचा एसटी चालक. दोन महिन्यांपासून संडासनंतर लालभडक रक्त ठिबकतं, दुखत नाही. त्याला डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. पँट गुडघ्यापर्यंत उतरवली की पुरे, वरून चादर असते. आधी बाहेरून बघतात. मग हातमोजा, त्यावर झायलोकेनची जेली. बोट गुदद्वारावर नुसतं टेकवून क्षणभर थांबतात आणि ‘संडासला केल्यासारखा जोर करा’ म्हणतात. हे ऐकून लोक चपापतात, पण जोर केल्यावर तिथला स्नायू सैल होतो आणि बोट सहज सरकतं. आपण मात्र नेमके आवळून धरतो आणि तेच दुखतं.

बोट ७-८ सेंटिमीटरपर्यंत पोचतं. स्नायूची पकड कशी आहे, कुठे दुखतं का, गाठ लागते का हे कळतं. पुरुषांत पुढच्या बाजूला प्रोस्टेट हाताला लागते. शेवटी मोज्यावर रक्त आहे का ते पाहतात. पण आतली मूळव्याध ही मऊ, रक्ताने भरलेली गादी असते. बोटाखाली ती दबते आणि कळतच नाही. आपल्या चालकाच्या बाबतीतही बोटाला काहीच लागलं नाही. ‘काही नाही’ म्हणून त्याला घरी पाठवलं असतं तर चूक झाली असती.

म्हणून नळी. तिला आपल्याकडे प्रॉक्टोस्कोप म्हणतात, काही ठिकाणी अ‍ॅनोस्कोप. ७ ते १० सेंटिमीटर लांब, अंगठ्याएवढी जाड, आत गोल टोकाचा दट्ट्या. जेली लावून ती बेंबीच्या दिशेने सरकवतात, दट्ट्या काढतात, प्रकाश टाकतात आणि नळी हळूहळू मागे घेत बघतात. मधेच पुन्हा जोर करायला सांगतात, कारण जोर केला की मोड फुगून नळीच्या तोंडाशी उतरतात. चालकाचे असेच दोन उतरले. कागदावर डॉक्टरांनी ‘७ आणि ११’ लिहिलं. हे पाहून कुणी सात मोड झाले असं समजून घाबरतं. ते घड्याळातल्या काट्यांसारख्या जागा दाखवणारे आकडे आहेत, पाठीवर झोपल्यावर पुढची बाजू १२ धरून. ३, ७ आणि ११ या मूळव्याधीच्या नेहमीच्या जागा. हे सगळं पाचेक मिनिटांत आटोपतं.

गैरसमज: उपाशी जायचं, आदल्या रात्री जुलाब घ्यायचा.

दोन्ही नको. जुलाबाने उलट पातळ संडास खाली येऊन दिसायचं बंद होतं आणि चीर असली तर आग वाढते. सकाळी पोट साफ झालं की पाण्याने धुऊन या, एवढंच. केस काढायची गरज नाही. संडास झाली नसेल तर तसं सांगा. लागलाच तर दवाखान्यात लहानसा एनिमा देतात. पाळी चालू असली तरी तपासणी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल, गरोदर असाल किंवा झायलोकेनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

गैरसमज: तिथे काही झालं तर शोभा होईल.

वारा सरतो. नळीबरोबर थोडी घाण येते. संडास होईल असं वाटतं. यातलं काहीही डॉक्टरला नवं नाही, कागदी टॉवेल त्यासाठीच हाताशी असतो. ढिला सलवार-कुर्ता, लेंगा किंवा साडी सोयीची पडते. बाईमाणसाने सिस्टरला किंवा घरच्या बाईला आत थांबवायला सांगावं, आणि पुरुषालाही तसं सांगता येतं. ‘थांबा’ म्हटलं की डॉक्टरांनी थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. काहींना नंतर चक्कर येते, म्हणून एकदम उठू नका. त्या दिवशी पुसताना रक्ताचा डाग दिसला तर चालतं. धार लागली किंवा दुखणं वाढत गेलं तर परत यावं.

गैरसमज: मूळव्याध दिसली, म्हणजे रक्ताचं कारण सापडलं.

हा समज सगळ्यांत महागात पडतो. नळीला शेवटची काही बोटं तेवढी दिसतात, आणि मोठं आतडं त्याच्या वर दीडेक मीटर आहे. एकाच माणसाला खाली मूळव्याध आणि वर गाठ असू शकते. चालकाला म्हणूनच आणखी विचारलं: रक्त संडासात मिसळलेलं असतं का? शेम पडते का? सवय बदलली का, दिवसात चार-पाचदा जावं लागतं आणि तरी पोट साफ वाटत नाही का? वजन उतरलं का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असतं, किंवा हिमोग्लोबिन उतरलेलं निघालं असतं, तर मोड दिसूनही कोलोनोस्कोपी सांगितली असती. वय कमी आहे एवढ्यावर ती टाळत नाहीत, कारण मलाशयाचा कॅन्सर तिशी-चाळिशीतही होतो. त्याची सगळी उत्तरं ‘नाही’ आली. इसबगोल, भरपूर पाणी आणि संडासात मोबाइल घेऊन न बसणं एवढ्यावर तो घरी गेला. जाताना तारीख मात्र दिली: सहा आठवड्यांनी, रक्त थांबलेलं असो वा नसो.