पेज हे पाणीच!

बोदलकसा तलावाच्या बाजूच्या एका गावातील काकाजी गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात आले ते धापा टाकतच. वय बासष्ट. पायांवर सूज होती आणि रात्री उशा लावून बसूनच झोपावे लागे. वजन भरले 56 किलो. सोबतचा मुलगा म्हणाला, "दिवाळीत 54 होतं, डॉक्टरसाब. म्हणजे तब्येत सुधारलीच ना?"

यालाच आम्ही 'हार्ट फेल' म्हणतो. नाव ऐकून लोक घाबरतात. पण हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही, त्याचा पंप दुबळा झाला आहे. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचते, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साचते. काकाजींना लघवी वाढवणारे औषध दिले. सूज उतरली तेव्हा काटा 47 वर थांबला. हे त्यांचे कोरडे वजन. दिवाळीतले 54 बिनसुजेचे होते, म्हणजे सात किलो मांस झडले होते आणि त्या जागी नऊ किलो पाणी भरले होते. वर्षभराच्या आत कोरडे वजन शेकडा पाचाहून अधिक घटले, की त्याला हृदयविकारातील क्षय म्हणतात. यात आतड्यांना व यकृताला सूज येते, दोन घासांत पोट भरते आणि दुखण्याची आग आतून स्नायू खात राहते.

घरी जाताना त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग सांगितला. सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करायचे आणि तारखेच्या चौकोनात लिहायचे. मीठ दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. काकूंनी आठवड्याचे सात चमचे वेगळ्या डबीत काढून ठेवायचे. पाणी दीड लिटर.

पंधरा दिवसांनी ते कॅलेंडर घेऊन आले. रोज 'पथ्य पाळले' म्हणून बरोबरची खूण होती. वजन मात्र 47, 47, 48, 49.5. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ म्हणजे हमखास पाणी. काय खाल्ले, असे विचारले तर "काहीच नाही". मग सकाळपासून एकेक गोष्ट विचारत गेलो, तेव्हा पेज निघाली. उन्हाचे दिवस, तीन मोठे पेले रोज, प्रत्येकात पाव चमचा मीठ. काकू चकित झाल्या. "पेज का पानी होय, डॉक्टरसाब?"

पाऊण लिटर पाणी आणि सुमारे चार ग्रॅम मीठ त्या खुणेमागे दडले होते. कोणीही खोटे बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबी पेज ना पाणी होती, ना खारट पदार्थ. म्हणून मी खूण बंद करून काय घेतले ते लिहायला लावले. दीड लिटरच्या भांड्यात सकाळी पाणी भरायचे. चहा, ताक, पेज, वरणाचे पाणी घेतले की तितकेच पाणी भांड्यातून काढून टाकायचे. रात्री भांड्यात उरलेले पाणी आणि शनिवारी डबीत उरलेले मीठ लिहायचे. पापड, लोणचे, खारवलेली सुकी मासळी यांचे मीठ डबीत दिसत नाही, म्हणून ते पदार्थ नावानिशी लिहायचे. सैंधवही मीठच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. या रोगाच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचे ठरते, तेव्हा विचारल्याशिवाय आणू नका.

पाण्याचे हे बंधन प्रत्येकासाठी नाही. ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशांना मोजून पाणी देऊन विशेष फायदा झाला नाही, असे 2025 मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात दिसले. काकाजींना सूज परत येत होती, म्हणून त्यांना ते लावले. मिठाचेही तसेच. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मीठ फार काटेकोर तोडून मृत्यू वा भरती कमी झाल्याचे आढळले नाही.

आणि इथेच माझी चूक झाली. पुढचे दोन महिने सूज नव्हती, चौकोन नीट भरलेले होते, वजन हळूहळू 45.5 वर आले. घरचे खूष होते, मीही होतो. एकदा सहज दंड चाचपला तर सदरा सैल लोंबत होता. अळणी जेवण गिळवत नाही म्हणून ते अर्धेच ताट जेवत होते. सूज नसताना घटणारे वजन म्हणजे अंगच झडते आहे.

मग पथ्य थोडे सैल केले. डबीत अर्धा चमचा वाढवला. चवीला लिंबू, आमचूर, लसूण, हिरवी मिरची, सांबार. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. तलावाची ताजी मासोळी, अंडे, घट्ट वरण, बिनमिठाचे दाणे, भातावर तेलाची धार. दंडाच्या मध्यावर सुतळी गुंडाळून गाठ मारून ठेवली. पाय सुजतात, पण दंड सहसा सुजत नाही, म्हणून वजन वाढले तर ते पाणी की मांस हे सुतळी सांगते. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का तेही पाहायचे.

परवा ते आले. वजन 47.5, नडगीवर खळगा नाही आणि सुतळीची गाठ जुळेना. दंड भरला होता. कॅलेंडरवर गेल्या मंगळवारच्या चौकोनात काकूंनी लिहिले होते: 'पेज अर्धा पेला, बिनमिठाची. भांडण केले.'