‘अभिषेक’ आणि ‘ठिबक सिंचन’: शब्दाच्या पोटात शिरणारे प्रत्यय

देवावर पाण्याची संततधार धरतो तो अभिषेक आणि द्राक्षाच्या मळ्यात नळीतून थेंबथेंब पाणी सोडतो ते ठिबक सिंचन. दोन्ही शब्द ‘सिच्’ या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. सिच् म्हणजे ओतणे, शिंपडणे. ‘अभिषेक’मधल्या ‘षेक’चे मूळ रूप ‘सेक’. आधीच्या ‘अभि’मुळे स चा ष झाला. मग ‘सिंचन’मधला अनुस्वार कुठून आला? मूळ धातूत तो नाही, ‘सेक’मध्ये नाही, ‘सिक्त’मध्येही नाही.

शाळेत आपण दोन प्रकारचे प्रत्यय शिकलो. काही शब्दाच्या आधी लागतात, जसा ‘अशुद्ध’मधला ‘अ’, आणि काही नंतर, जसा ‘शुद्धता’मधला ‘ता’. सिंचनातला अनुस्वार या दोन्हींत बसत नाही. तो धातू फोडून त्याच्या आत जाऊन बसला आहे. अशा प्रत्ययाला मध्यप्रत्यय म्हणतात.

पाणिनीने याची व्यवस्था फार नेटकी लावली आहे. ‘रुध्’ म्हणजे अडवणे, हा धातू घेऊ. त्याला जो प्रत्यय लागतो त्याचे नाव ‘श्नम्’. यातले श् आणि म् ही नुसती खुणेची अक्षरे. खरा प्रत्यय तेवढा ‘न’. शेवटच्या म् चा अर्थ असा, की हा प्रत्यय धातूच्या शेवटी जोडायचा नाही, धातूतल्या शेवटच्या स्वरानंतर बसवायचा. ‘रुध्’मधला शेवटचा स्वर उ, म्हणून रु आणि ध् यांच्या मध्ये ‘न’ शिरला: रु-न-ध्. आधी र असल्यामुळे न चा ण झाला, पुढचा ‘ति’ ध् ला भिडून ‘द्धि’ झाला, आणि ‘रुणद्धि’, म्हणजे ‘तो अडवतो’, हे रूप मिळाले. अनेकवचनात त्या ‘न’मधला अ गळतो आणि ‘रुन्धन्ति’ उरते. एका अक्षराच्या खुणेने प्रत्ययाची जागा सांगून टाकायची, ही युक्ती आम्हाला आजही थक्क करते.

सिच्, मुच्, लिप्, विद् (मिळवणे) या धातूंचा गण वेगळा आहे, आणि पाणिनी त्यांच्यातल्या न् ला नावही वेगळे देतो. भाषेच्या इतिहासात मात्र तो त्याच घरातला समजला जातो. त्यांची वर्तमानकाळाची रूपे सिञ्चति, मुञ्चति, लिम्पति, विन्दति अशी होतात. पुढे च असेल तर ञ, प असेल तर म, द असेल तर न. मराठीत आपण या सगळ्यांना एकाच अनुस्वाराने लिहितो, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसत नाही, उच्चारात मात्र तो असतो.

हा पाहुणा सगळ्या रूपांत येत नाही. तो वर्तमानकाळ, आज्ञार्थ अशा मोजक्या रूपांत दिसतो. नामे आणि भूतकालवाचक विशेषणे यांत सहसा नसतो. म्हणून मुक्त, मोचन, लिप्त, लेप यांत अनुस्वार नाही. ‘गोविंद’ शब्दातला ‘विंद’ याच विद् धातूचा आणि ‘वित्त’ही त्याचाच, म्हणजे मिळवलेले. दोघे सख्खे, पण अनुस्वार एकाकडेच. मुलांना संस्कृत कोश पाहायला शिकवताना हे जरूर सांगावे. ‘सिञ्चति’चा अर्थ आपट्यांच्या कोशात हवा असेल, तर तो ‘सिञ्च्’खाली शोधून मिळणार नाही; ‘सिच्’ उघडावे लागेल.

मग ‘सिंचन’ या नामात अनुस्वार कसा? काटेकोर नियमाने नाम होते ‘सेचन’. ‘सिंचन’ हे वर्तमानकाळाच्या ‘सिंच’ या अंगावरून घडले. काही शुद्धलेखनप्रेमी त्याला नाके मुरडतात. आमच्या मते ती उठाठेव आहे. शब्द रुळला आहे आणि आपल्या जन्माची खूणही अंगावर वागवतो आहे.

प्रत्येक अनुस्वार असा आगंतुक असतो, असे मात्र समजू नये. ‘वंदन’, ‘कंपन’ यांतला न् किंवा म् धातूचाच आहे. वंदित, कंपित यांतही तो टिकतो. तेव्हा विशेषण पाहावे आणि अनुस्वार गेला तर तो मध्यप्रत्यय मानावा, असे वाटेल. पण ही कसोटी ‘बंध’पाशी फसते. ‘बद्ध’मध्ये अनुस्वार नाही, तरी धातू ‘बन्ध्’च आहे. खात्रीची खूण नामात मिळते. बंध् चे नाम ‘बंध’, अनुस्वारासकट. लिप् चे नाम ‘लेप’, रुध् चे ‘रोध’. तिथे स्वर वाढला, पण अनुस्वार आला नाही.

मराठीला हा वारसा प्राकृतातून मिळाला. प्राकृत क्रियापदे बहुतेक संस्कृतच्या वर्तमानकाळी रूपांवरून आली, म्हणून भिंत ‘लिंपणे’, गळा ‘रुंधणे’ यांत तो अनुस्वार राहिला. लेप, विरोध, निरोध ही नामे संस्कृतातून जशीच्या तशी घेतली, त्यांत तो नाही. आज मात्र हा प्रत्यय मराठीत जिवंत नाही. ‘कर’ किंवा ‘बस’मध्ये न घालून आपण नवा शब्द करू शकत नाही. मरणे–मारणे, पडणे–पाडणे यांत आत बदल होतो खरा, पण तिथे असलेला स्वर बदलतो, नवे काही आत शिरत नाही. म्हणून तो मध्यप्रत्यय नव्हे.

हाच न् लॅटिनमध्येही आहे. आपल्या ‘युज्’चा (जोडणे) तिथला भाऊ ‘युंगो’, म्हणजे ‘मी जोडतो’. त्यात न् आहे. बैलांच्या मानेवरचे ते ‘युगुम’, त्यात न् नाही. आपले ‘युग’ आणि त्यावरून आलेले मराठी ‘जू’ यांतही नाही. युंगोच्या घरातून इंग्रजीत ‘जंक्शन’ आले. मिरज जंक्शन किंवा वडोदरा जंक्शनच्या पाटीवर तो पुरातन न् अजून आहे.

मध्यप्रत्यय जिवंत पाहायचा तर लांब जायला नको. मेळघाट, बैतूल, खंडवा भागातली कोरकू ज्या मुंडा भाषाकुळातली आहे, त्याच कुळातल्या संथाळीत ‘दाल’ म्हणजे मारणे आणि ‘दापाल’ म्हणजे एकमेकांना मारणे. आत शिरलेला ‘प’ ‘परस्पर’ हा अर्थ आणतो. ‘ओल’ म्हणजे लिहिणे आणि ‘ओनोल’ म्हणजे लिखाण.

काही भाषांत याच्या उलट प्रकारही असतो: एकच प्रत्यय शब्दाला दोन्ही बाजूंनी मिठी मारतो. इंडोनेशियन भाषेने आपला ‘राजा’ उचलला आणि त्याच्या पुढे ‘के’, मागे ‘आन’ लावून ‘केराजाआन’, म्हणजे राज्य, असा शब्द केला. नुसते ‘केराजा’ नाही, नुसते ‘राजाआन’ही नाही, दोन तुकडे मिळून एकच प्रत्यय. ‘अशुद्धता’ वरवर तशीच दिसते, पण ‘अशुद्ध’ आणि ‘शुद्धता’ हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे आहेत, तेव्हा ते दोन वेगळे प्रत्यय. ‘दुमजली’ मात्र विचारात पाडतो. आपण ‘दुमजला’ म्हणत नाही आणि ‘मजली’ हा शब्द एकटा वापरत नाही. तरी ‘दु’ हा प्रत्यय नसून ‘दोन’चेच आखडलेले रूप आहे, म्हणून आम्ही याला समास आणि वर ‘ई’ प्रत्यय असेच म्हणू. तिमजली, दुपदरी, चौपदरी यांनाही तोच न्याय.