बलक टाकताना काय काय जाते?

संध्याकाळी सातनंतर सोलापुरातल्या कुठल्याही वर्दळीच्या चौकात अंड्याच्या गाडीपाशी पाच मिनिटे उभे राहा. जिममधून घामाघूम होऊन आलेली पोरे 'सहा उकडलेली, फक्त पांढरे' अशी ऑर्डर देतात. गाडीवाला सराईतपणे अंडे सोलतो, उभे चिरतो आणि पिवळा गोळा अंगठ्याने बाजूच्या ताटलीत ढकलतो. पांढऱ्यावर मीठ-मिरपूड पडते. ताटलीतले थोडे बलक भुर्जीत जातात, उरलेले गाडीखाली बसलेल्या कुत्र्याच्या वाट्याला येतात. कुत्रे तुकतुकीत दिसते, यात नवल नाही.

पोरांचे गणित साधे असते. प्रथिने पांढऱ्यात, चरबी आणि कोलेस्टेरॉल पिवळ्यात. मग पिवळे कशाला खायचे? यातला दुसरा भाग खरा आहे. पहिला अर्धाच खरा आहे. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्यातली साधारण साडेतीन ग्रॅम पांढऱ्यात आणि पावणेतीन ग्रॅम बलकात. म्हणजे सहा बलक टाकणारा तरुण जवळपास सोळा ग्रॅम विकत घेतलेली प्रथिने ताटलीत सोडून जातो. पण प्रथिने दूध-डाळीतून भरून काढता येतात. बलकाबरोबर आणखी तीन गोष्टी जातात आणि त्या पांढऱ्यात जवळपास नसतातच: कोलिन, ल्युटीन आणि 'ड' जीवनसत्त्व. तिघांचे वजन सारखे नाही, म्हणून सर्वात भारी असलेल्या कोलिनपासून सुरुवात करू.

कोलिनची गोष्टही कुत्र्यांपासूनच सुरू होते. इन्सुलिनच्या शोधात वाटा असलेले चार्ल्स बेस्ट आणि टोरंटोतले त्यांचे सहकारी १९३० च्या सुमारास एका कोड्यात अडकले होते. स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगत, पण काही काळाने त्यांच्या यकृतात चरबी साचून ती आजारी पडत. आहारात लेसिथिन दिले की यकृत सुधारे. लेसिथिन हा पदार्थ आधी अंड्याच्या बलकातूनच वेगळा काढलेला होता; त्याचे नावही बलकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले. त्यातला नेमका कोणता घटक काम करतो हे शोधता शोधता हाती आले ते कोलिन.

कोलिन यकृतात काय करते, हे सोलापूरकराला समजावणे सोपे आहे. मागावरून चादरी धडाधड उतरत आहेत, पण गठ्ठे बांधायला वेष्टनच नाही, असे समजा. माल तयार, पण बाहेर जाईना, गोदाम तुंबते. यकृतात तयार झालेली चरबी रक्तात पाठवायची तर तिच्याभोवती एक आवरण लागते आणि ते आवरण बनवायला कोलिन लागते. ते कमी पडले की चरबी यकृतातच थांबते. यालाच आपण फॅटी लिव्हर म्हणतो. याशिवाय शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या पातळ भिंतीत कोलिन असते आणि मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायनही त्यापासूनच बनते.

माणसात हे खरोखर घडते का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ५७ प्रौढांना दिवसाला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलिन असलेल्या आहारावर जास्तीत जास्त सहा आठवडे ठेवले गेले. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांपैकी ७७ टक्क्यांच्या आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांच्या यकृतात चरबी साचली किंवा यकृताला, स्नायूंना इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ४४ टक्के होते. आहारात कोलिन परत आले आणि खुणा मागे हटल्या. फरक का पडला, तर इस्ट्रोजेनमुळे तरुण स्त्रीचे यकृत थोडे कोलिन स्वतः बनवू शकते. पाळी गेली की ही सोय घटते. म्हणजे बलक टाकून सर्वात जास्त घाटा होणारे दोन गट म्हणजे जिममधला तरुण आणि पंचेचाळीस-पन्नाशीपुढची बाई. गंमत अशी की 'कोलेस्टेरॉल नको' म्हणून बलक टाकतात तेही बहुधा हेच दोघे.

इथे एक खुलासा हवा. आपल्याकडे दिसणारे बहुतेक फॅटी लिव्हर वाढलेले पोट, मधुमेह आणि दारू यांमुळे होते. बलक खाऊन ते बरे होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कोलिन कमी असणे ही त्यात पडणारी भर असते. शिवाय कोलिन कमी आहे हे दाखवणारी नेहमीची रक्ततपासणी प्रयोगशाळांत होत नाही. दिसतो तो परिणाम, म्हणजे वाढलेला एसजीपीटी किंवा सोनोग्राफीत चमकणारे यकृत, आणि त्याला कारणे अनेक असू शकतात.

एका बलकात साधारण १३५ ते १४० मिलिग्रॅम कोलिन असते. अमेरिकी शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ५५०, स्त्रीला ४२५, गरोदरपणी ४५० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ५५० मिलिग्रॅम पुरेसे मानतात. शाकाहारात कोलिन नाही असे नाही, पण ते विरळ पसरलेले असते. एका बलकाएवढे कोलिन मिळवायला जवळपास एक लिटर दूध लागेल. आपल्या लाडक्या शेंगाचटणीतून मिळवायचे म्हटले तर पाव किलो शेंगदाणे संपवावे लागतील, आणि ते भाकरीबरोबर कितीही गोड लागले तरी एका बैठकीत कोणी संपवू नये. अंडी न खाणाऱ्यांसाठी दूध आणि सोयाबीन हे त्यातल्या त्यात बरे मार्ग.

आता पिवळ्या रंगाकडे वळू. हा रंग ल्युटीन आणि त्याच्या झियाझँथिन या भावंडाचा. कोंबडी तो स्वतः बनवू शकत नाही, खाद्यातून घेते. पिवळ्या मक्यावर वाढलेल्या कोंबडीचा बलक गडद असतो. ज्वारीवर वाढलेलीचा फिकट, कारण ज्वारीत हे रंगद्रव्य फार कमी असते. ज्वारीच्या मुलखात अंगणात फिरणाऱ्या गावरान कोंबडीचा बलक तरीही केशरी निघतो, तो तिने टिपलेल्या हिरव्या पाल्यामुळे. मोठ्या पोल्ट्रीत खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळतात; दसऱ्याला दाराला बांधतो तोच झेंडू. कृत्रिम रंगही मिसळता येतो, म्हणून नुसता गडद रंग पाहून ल्युटीनची खात्री देता येत नाही.

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक पिवळा ठिपका असतो. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे सगळे त्या ठिपक्याचे काम. तिथला पिवळेपणा याच दोन रंगद्रव्यांचा. ती निळा प्रकाश शोषून मागच्या पेशींना सांभाळतात. अंड्यात त्यांचे प्रमाण मोठे नाही, एका अंड्यात साधारण पाव मिलिग्रॅम. शिजवलेल्या पालकात कितीतरी पट जास्त. पण ल्युटीन चरबीत विरघळते आणि बलकात ते चरबीसह येते, म्हणून पालकातल्यापेक्षा बलकातले अधिक चांगले अंगी लागते. एवढेच नव्हे, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सोळा तरुणांना कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीबरोबर तीन अख्खी अंडी दिली, तेव्हा भाजीतली अशी रंगद्रव्येही तीन ते आठ पट अधिक शोषली गेली. पालकावर अंडे फोडून केलेली भाजी म्हणूनच शहाणपणाची. मात्र पडद्याचा आजार आधीच झालेल्यांना डॉक्टर देतात त्या गोळीत दहा मिलिग्रॅम ल्युटीन असते. अंडे तिची जागा घेऊ शकत नाही.

'ड' जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात, कारण इथे बलकाचा गवगवा जास्त आणि हिशेब लहान आहे. एका बलकात चाळीसच्या आसपास एकके असतात. गरज दिवसाला सहाशेची. दोन अंडी खाल्ली तरी सातवा हिस्साही भरत नाही. खरा पुरवठा त्वचेवर पडणाऱ्या उन्हाचा, आणि सोलापुरात ऊन काही कमी नाही. पण ते अंगावर पडायला हवे. घरात बसून दिवसभर विड्या वळणारी बाई, यंत्रमागाच्या पत्र्याखाली बारा तास उभा असलेला कामगार, चाळीस अंशांत दारे लावून बसणारे आपण सगळे, यांच्या अंगावर ते किती पडते? नेहमीच्या खाण्यात हे जीवनसत्त्व असलेले पदार्थ इतके थोडे आहेत की बलकातली चाळीस एककेही टाकाऊ नाहीत. कोंबडीलाही हाच नियम. जर्मनीतल्या एका अभ्यासात उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात कोंडलेल्यांपेक्षा तीन ते चार पट 'ड' जीवनसत्त्व आढळले.

राहिले कोलेस्टेरॉल. एका बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम असते, ही गोष्ट खोटी नाही. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनच बलक खावेत असे सांगितले आणि ती भीती जगभर पसरली. पुढे दिसले की बहुतेकांच्या शरीरात बाहेरून कोलेस्टेरॉल आले की यकृत स्वतःचे उत्पादन आवरते, आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवायला तूप, वनस्पती आणि तळणातली चरबी अधिक जबाबदार असते. २०१५ च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली गेली. तरीही सगळे सारखे नसतात. काहींचे एलडीएल बलकाने खरोखर वाढते, आणि मधुमेहींबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हृदयविकार, मधुमेह किंवा घराण्यातच जास्त कोलेस्टेरॉल असेल तर बलकांची संख्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा. इतरांनी अंदाज बांधत बसण्यापेक्षा लिपिड प्रोफाइल करावे, दीड-दोन महिने रोज एक-दोन अख्खी अंडी खावीत, बाकी आहार तोच ठेवावा आणि पुन्हा तपासावे. एलडीएल चढले असेल तर तुम्ही त्या काहींपैकी आहात.

आता गाडीवरच्या पोराकडे परत जाऊ. सहा पांढऱ्यांतून त्याला साधारण बावीस ग्रॅम प्रथिने आणि शंभर कॅलरी मिळतात, कोलिन जवळजवळ शून्य. त्याऐवजी त्याने दोन अख्खी अंडी आणि तीन पांढरे खाल्ले तर प्रथिने तेवीस ग्रॅम होतात, कॅलरी दोनशेच्या खाली राहतात आणि कोलिनची निम्मी गरज भागते. अंडीही एक कमी लागते. स्नायूंसाठीही हे तोट्याचे नाही. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात दहा व्यायामपटूंना एकदा अख्खी अंडी आणि एकदा नुसते पांढरे दिले, दोन्ही वेळा प्रथिने सारखीच, १८ ग्रॅम. अख्ख्या अंड्यांनंतर स्नायू बांधणीचा वेग जास्त भरला. अभ्यास लहान आहे, पण पांढऱ्याच्या बाजूने तरी तो बोलत नाही.

कच्चे पांढरे ग्लासात ओतून पिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून शरीराबाहेर नेते. बायोटिनचा साठा असतो बलकात, जो आधीच फेकलेला. उकडल्यावर ॲव्हिडिन निकामी होते आणि जंतूंची भीतीही जाते. उकडलेल्या बलकाभोवती हिरवट काळी कड दिसली म्हणून काहीजण तो खराब समजून टाकतात. ती कड जास्त वेळ उकळल्याने लोह आणि गंधक एकत्र येऊन बनते, तिच्याने काही होत नाही. पाणी उकळल्यावर दहा मिनिटांनी अंडी काढून थंड पाण्यात टाकली, तर ती सहसा दिसतही नाही.