अर्थ पिटावरचा आकडा

उंच इमारतीजवळून जाताना गच्चीवरून उतरणारी तांब्याची पट्टी शोधायची आणि ती सापडली की नजरेनं तिच्यासोबत तळापर्यंत यायचं, ही माझी जुनी सवय. ती कुठे वळते, कुठल्या पाइपामागे गडप होते, एसीच्या लोखंडी चौकटीला कुठे खेटून जाते, हे पाहण्यात सोबतच्या माणसाचं बोलणं हरवून जातं. विद्युत आराखडे तपासणं हा माझा व्यवसाय, पण हे वेड त्याच्या आधीचं. आमच्या गावच्या देवळाच्या शिखरावरून एक तार उतरून विहिरीच्या कडेला जमिनीत शिरत असे. एवढीशी तार आभाळातली वीज पोटात घेते यावर माझा विश्वास बसत नसे. आज ही कोडी सोडवूनच पोट भरतो, तरी तो अविश्वास पुरता गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या पश्चिमेला तीस मजल्यांच्या एका इमारतीत मला बोलावलं होतं. उंची 96 मीटर. मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्याच पावसात गच्चीवर वीज पडली होती. लिफ्टची कंट्रोल कार्डं, इंटरकॉम आणि निम्मे कॅमेरे गेले होते. सत्ताविसाव्या मजल्यावर एसीच्या चौकटीजवळ भिंतीवर काळा डाग होता आणि गिलाव्याचे टवके उडाले होते. गच्चीवर एकच मास्ट होता. एका दांडीत सगळी इमारत सुरक्षित होते असं सांगून विकला जाणारा प्रकार. त्याच्यापासून एकच तांब्याची पट्टी सरळ खाली उतरत होती आणि तळाशी तीन ‘केमिकल’ अर्थ पिट होते. सेक्रेटरींनी माझ्यापुढे रजिस्टर ठेवलं. दर वर्षीच्या तपासणीत आकडा होता 0.9 ओहम. ‘एक ओहमच्या आत आहे, मग असं का झालं?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

या प्रश्नावर 1888 साली इंग्लंडात मोठं भांडण झालं होतं. त्या मार्चमध्ये ऑलिव्हर लॉज या लिव्हरपूलच्या प्राध्यापकानं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये विजेपासूनच्या संरक्षणावर व्याख्यानं दिली. त्याचा प्रयोग साधा होता. लायडन जारमधला साठा मोकळा व्हायला त्यानं दोन वाटा ठेवल्या: एक सुमारे 40 फूट लांबीची जाड तांब्याची तार, दुसरी हवेतली छोटीशी फट. तारेचा रोध नगण्य होता, तरी ठिणगी फटीतूनच उडाली. तांब्याच्या जागी लोखंडी तार घेतली तरी काही बिघडेना. यावरून लॉजचं म्हणणं असं की, प्रवाह इतक्या झटक्यात वाढतो तेव्हा तारेचा रोध जवळपास गौण ठरतो. खरी अडवणूक इंडक्टन्सची, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तार जी आडकाठी करते तिची.

समोर होता विल्यम प्रीस, ब्रिटिश टपाल खात्याचा विद्युततज्ज्ञ. तारायंत्रांच्या हजारो खांबांवरचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. चांगलं तांबं, जाड काठी आणि ओल्या मातीत पक्की अर्थिंग, एवढं झालं की काम झालं, असं त्याचं ठाम मत होतं. सप्टेंबरमध्ये बाथला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात दोघांची सर्वांसमक्ष गाठ पडली. त्या वर्षी अभियांत्रिकी विभागाचा अध्यक्ष प्रीसच होता. निकाल काही लागला नाही. लॉजही सगळा बरोबर नव्हता. लायडन जारसारखीच वीजही मागेपुढे हेलकावे खाते असं तो मानत होता, आणि ढगाची बरोबरी बरणीशी करणं ही घाई होती. पण इंडक्टन्सबाबत तो खरा ठरला. दुःख याचं की आपल्या टेंडरांमध्ये आजही प्रीसच बोलतो. ‘अर्थ रोध एक ओहमपेक्षा कमी हवा’ एवढं वाक्य ठळक अक्षरांत असतं, आणि पट्ट्या किती, कुठून, कशाला जोडलेल्या, हे कंत्राटदारावर सोडलेलं असतं.

आता ती पट्टी. 25 बाय 3 मिलिमीटरची, 96 मीटर लांब. तिचा साधा रोध भरतो 0.022 ओहम. संरक्षणाची तिसरी पातळी धरली, तर आराखड्यात विजेच्या नंतरच्या झटक्याचा प्रवाह 25 किलोॲम्पिअर घेतात. त्या प्रवाहाला सबंध पट्टीच्या रोधामुळे जेमतेम 550 व्होल्टचा फरक पडतो. पण हा प्रवाह पाव मायक्रोसेकंदात चढतो. उभ्या पट्टीचा इंडक्टन्स मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. म्हणजे फक्त तीन मीटरच्या, एका मजल्याएवढ्या तुकड्यावर क्षणभर तीन लाख व्होल्ट उभे राहतात! तळाच्या अर्थिंगचा रोध दहा ओहम असता तरी तिथे अडीच लाखच झाले असते. तो एक ओहमवर आणला तर पंचवीस हजार, पण वरचे मजले आपापले लाखो व्होल्ट घेऊन तसेच राहतात.

सत्ताविसाव्या मजल्यावरचा डाग इथून येतो. पट्टी आणि जवळची लोखंडी वस्तू यांत किती अंतर हवं, याचं गणित मानकात दिलेलं आहे. तिसऱ्या पातळीसाठी, एकच पट्टी असेल तर, बाँडिंग जिथे आहे तिथपासूनच्या लांबीला 0.04 नं गुणायचं. तळापासून 85 मीटर वर हे अंतर 3.4 मीटर येतं, तेही मधे नुसती हवा असेल तर. भिंत असेल तर दुप्पट. चौकट होती 30 सेंटिमीटरवर. पट्टीवरून उडी मारून वीज चौकटीत गेली, तिथून एसीच्या वायरीनं घरात. लिफ्टची कार्डं मात्र दुसऱ्या वाटेनं गेली. विजेचे तीन पिट आणि इमारतीचं विद्युत अर्थिंग मुद्दाम वेगळं ठेवलेलं होतं. ‘विजेची घाण आपल्या अर्थिंगमध्ये नको’ हा गैरसमज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. एक अर्थ वर उसळला, दुसरा जागेवर राहिला, आणि त्या दोघांमधला फरक कार्डांनी सोसला.

लॉजच्याही आधी, 1876 मध्ये, जेम्स क्लर्क मॅक्सवेलनं एका छोट्या टिपणात ही गोष्ट टोकाला नेऊन मांडली होती. बंदुकीच्या दारूची गिरणी सगळ्या बाजूंनी तांब्यानं मढवली तर तिला जमिनीशी जोडायचीही गरज नाही, असं त्याचं म्हणणं. उलट तांब्याची जमीन आणि खालची माती यांच्यामध्ये डांबराचा थर दिला तर बरंच. अख्खी गिरणी एकदम लाखो व्होल्टवर गेली तरी आतल्या कुठल्याही दोन बिंदूंत फरक नसेल, आणि फरक नाही तर ठिणगी नाही. सामान्य घरांसाठी त्यानं जाड तारेचं जाळं पुरेसं मानलं. मला हे टिपण या विषयावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचं वाटतं.

आजचं आयएस/आयईसी 62305 हे मानक या विचाराच्या जवळ आहे. तिसऱ्या पातळीला परिघावर साधारण दर 15 मीटरला एक उतरती पट्टी लागते. आमची इमारत 40 बाय 30 मीटर, परीघ 140, म्हणजे दहा. त्यांना उंचीवर ठरावीक अंतरानं आडव्या कड्या बांधतात, शक्यतो इमारतीच्या कोपऱ्यांना पट्टी ठेवतात. साठ मीटरपेक्षा उंच इमारतीत वरच्या वीस टक्के भागावर बाजूनंही वीज पडू शकते, म्हणून तिथल्या भिंतींनाही गच्चीचेच नियम लागतात. दहा पट्ट्यांनी प्रवाह वाटला जातो, तरी सत्ताविसाव्या मजल्यावर दीड मीटर अंतर लागतंच. एवढं कुठून आणणार? म्हणून मजल्यामजल्यावर बाँडिंग करावं लागतं.

मग रोधाचं काय? मानक दहा ओहमच्या आत असावा अशी शिफारस करतं, पण भर देतं आकारावर. एक ओहमचा आग्रह मुळात सबस्टेशनांचा. तिथे दोषप्रवाह 50 हर्ट्झचा असतो आणि बराच वेळ वाहतो, तिथे तो हवाच. जुन्या आयएस 2309 मध्ये सगळ्या अर्थांचा मिळून दहा ओहम आणि दहा पट्ट्या असतील तर एकेकाला शंभरपर्यंत मुभा होती. हे आकडे आमच्या मुरमाशी जुळवून पाहा. जमिनीची विशिष्ट रोधकता 300 ओहम-मीटर धरली, तर तीन मीटरच्या एका रॉडचा रोध बरोबर शंभरच्या आसपास येतो. असे दहा रॉड ठोकले तर एकमेकांच्या क्षेत्रात येऊन दहाच्या थोडं वरच थांबतात. त्याऐवजी इमारतीभोवती भिंतीपासून एक मीटरवर, अर्धा मीटर खोल, पट्टीची एक बंद कडी पुरली तर एकटीच 4.8 ओहम देते. खोली वाढवून जे साधत नाही ते पसारा साधतो. खाली कातळ असलेल्या आपल्या भागात तर खोल जाणं म्हणजे बरेचदा पैसे दगडात घालणं.

रजिस्टरमधल्या 0.9 चं रहस्य मात्र कागदावर नव्हतं. तपासणीला येणारा मुलगा क्लॅम्प मीटर पट्टीभोवती अडकवून वाचन लिहीत असे. क्लॅम्प मीटर ज्या मंडलात अडकतो त्या मंडलाचा रोध दाखवतो. तीनही पिट जमिनीखाली पट्टीनं एकमेकांना जोडलेले होते. म्हणजे मंडल धातूचंच होतं, मातीपर्यंत प्रवाह जातच नव्हता. 0.9 हा त्या पट्टीचा आणि गंजलेल्या बोल्टांचा रोध. मी टेस्ट लिंक उघडून अर्थ मेगरच्या खुंट्या दूर ठोकून मोजलं: 19 ओहम. खुंट्या पुरेशा दूर आहेत का हे ओळखायची खूण सोपी. मधली खुंटी थोडी मागेपुढे सरकवायची. वाचन जागेवर राहिलं तर खरं, सरकलं तर अंतर कमी पडतंय. मोजायचं एप्रिलअखेरीस, कारण वळीव कोरड्या जमिनीवर येतो, आणि जुलैतल्या ओल्या मातीचा सुंदर आकडा तेव्हा उपयोगाचा नसतो.

दुरुस्तीची सुरुवात सळयांपासून केली. गच्चीवर आणि तळघरात काही कॉलमचं काँक्रीट थोडं खरवडून मोठा प्रवाह सोडणाऱ्या मीटरनं वरपासून खालपर्यंत मोजलं. मानकाची मर्यादा 0.2 ओहम. निवडलेले सगळे कॉलम तिच्या बरेच आत निघाले. कॉलममधल्या सळया, बीम आणि स्लॅब मिळून मॅक्सवेलचं जाळं इमारतीत पहिल्या दिवसापासून होतं, फक्त कोणी त्याला वीज दिली नव्हती. बांधतानाच सळयांचे सांधे वेल्डिंगनं किंवा क्लॅम्पनं, व्यासाच्या वीसपट ओव्हरलॅप ठेवून केले असते, तर हे खरवडणं टळलं असतं. काँक्रीट ओतल्यावर हाती उरतं ते फक्त मोजणं. गच्चीवर जाळी घालून ती दहा ठिकाणी कॉलमच्या सळयांना जोडली. एसीच्या चौकटी आणि वरच्या मजल्यांचे कठडे त्या-त्या स्लॅबच्या सळयांना बांधले. तळाशी कडी पुरली आणि विद्युत अर्थ, लिफ्टचा अर्थ, पाणी आणि गॅसच्या नळ्या असं सगळं एका मुख्य बारवर आणलं. बाहेरून येणाऱ्या केबली इमारतीबरोबर वर उसळत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रवेशाशी सर्ज प्रोटेक्टर लावले.

शेवटची मोजणी करायला बाहेरची खुंटी दोनशे मीटरवर, ओढ्यापलीकडे ठोकावी लागली, कारण आता कडीच चाळीस मीटरची होती. वाचन आलं 4.7 ओहम. मधली खुंटी सरकवली तरी तेवढंच. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं, मागच्या वर्षीच्या 0.9 खाली नवा आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला. ‘साहेब, वाढलाच की हा,’ ते म्हणाले. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि आकड्याशेजारी खुंट्यांची अंतरं, लिंक उघडी असल्याची नोंद आणि तारीख लिहिली: 26 एप्रिल, जमीन कोरडी.