करवतीचा पहिला दात

जुन्या सीआरओच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका एकसारख्या वेगाने डावीकडून उजवीकडे सरकतो, आणि टोक गाठलं की क्षणात परत फिरतो. त्याला ओढणारा विद्युतदाब सरळ रेषेत चढतो, शिखरावरून एकदम शून्यावर कोसळतो, पुन्हा चढू लागतो. कागदावर त्याची आकृती करवतीच्या दातांसारखी दिसते. आता हाच दाब एका रोधातून कॅपॅसिटरला दिला, तर कॅपॅसिटरवर काय दिसेल?

सोयीसाठी आकडे साधे घेऊ. रोध १ मेगओहम, कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरड. दोघांचा गुणाकार बरोबर १ सेकंद. दाब दर सेकंदाला ० ते १ व्होल्ट चढतो आणि कोसळतो. कॅपॅसिटर सुरुवातीला रिकामा आहे. त्यावरचा दाब y म्हटला, तर समीकरण होतं y′ + y = f(t). अडचण f(t) ची आहे. प्रत्येक सेकंदाला त्याचं सूत्र बदलतं, त्यामुळे नेहमीच्या रीतीने प्रत्येक दातासाठी समीकरण वेगळं सोडवावं लागेल आणि एकाचं शेवटचं मूल्य पुढच्याला सुरुवातीचं म्हणून द्यावं लागेल.

लाप्लास रूपांतर ही दगदग वाचवतं. त्यात एखादी आकृती एक सेकंद उशिरा सुरू झाली, तर तिचं रूपांतर फक्त e⁻ˢ ने गुणलं जातं. दुसरा दात म्हणजे एक सेकंद उशिरा आलेला पहिलाच दात, तिसरा दोन सेकंद उशिरा आलेला. म्हणून सगळ्या दातांची बेरीज म्हणजे पहिल्या दाताचं रूपांतर गुणिले (1 + e⁻ˢ + e⁻²ˢ + …). कंसातली ही भूमिती श्रेढी 1/(1 − e⁻ˢ) इतकी भरते. आवर्ती फलनाचं सूत्र ते हेच: एका आवर्तनापुरतं संकलन करा आणि 1 − e⁻ˢ ने भागा. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते पाठ करतात, पण छेद कुठून आला हे एकदा दिसलं की पाठ करायची गरज उरत नाही.

पहिल्या दातासाठी t·e⁻ˢᵗ चं ० ते १ संकलन करून भागाकार केला आणि पदं नीट लावली, की मिळतं:

F(s) = 1/s² − e⁻ˢ / [s(1 − e⁻ˢ)]

पहिलं पद म्हणजे न थांबता चढत जाणारी रेषा. दुसरं पद प्रत्येक पूर्ण सेकंदाला तिच्यातून एक व्होल्ट वजा करतं. पडताळा सोपा आहे: s शून्याकडे नेला की sF(s) ची किंमत दाबाच्या सरासरीकडे, म्हणजे ½ कडे जायला हवी. इथे ती जाते. न गेल्यास संकलनात चूक आहे.

समीकरणाचं रूपांतर केलं की Y(s) = F(s)/(s + 1). छेदातली श्रेढी पुन्हा उलगडून उलटं रूपांतर घेतलं, की

y(t) = t − 1 + e⁻ᵗ − Σ [1 − e⁻⁽ᵗ⁻ⁿ⁾]

बेरीज n = 1 पासून, t पर्यंत येऊन गेलेल्या पूर्ण सेकंदांची. परीक्षेत हमखास घसरतात ते इथे: e⁻⁽ᵗ⁻ⁿ⁾ ऐवजी नुसतं e⁻ᵗ लिहिलं जातं. मग t = 1 ला उत्तर अचानक ०.६३ व्होल्टने खाली उडी मारतं. बाहेरचा दाब उडी मारू शकतो, पण रोधातून भरणाऱ्या कॅपॅसिटरवरचा नाही. त्याचा फक्त चढ-उतार बदलतो. आलेखात तुटलेली रेषा दिसली की समजावं, विलंब विसरला आहे.

बरोबर उत्तरात पहिल्या सेकंदाअखेर ०.३६८ व्होल्ट येतात, दुसऱ्याअखेर ०.५०३, तिसऱ्याअखेर ०.५५३. हे आकडे e⁻¹ + e⁻² + e⁻³ अशा बेरजेतून येतात आणि 1/(e − 1), म्हणजे ०.५८२ कडे जातात. त्यानंतर प्रत्येक सेकंद आधीच्यासारखाच: ०.५८२ वरून ०.४५९ पर्यंत उतार, मग पुन्हा चढ. तळ नेमका तिथेच लागतो जिथे चढता दाब कॅपॅसिटरच्या दाबाला गाठतो, कारण त्या क्षणी रोधातून प्रवाहच नसतो. बाहेर पूर्ण एक व्होल्टचे दात, आत जेमतेम ०.१२ व्होल्टची लाट.

हे स्थिरावणं मात्र रोधाच्या कृपेने आहे. रोध काढून त्या जागी कॉइल बसवली आणि तिच्या व कॅपॅसिटरच्या जोडीची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला एक ठेवली, तर y″ + 4π²y = 4π²f सोडवताना दोन छेद, s² + 4π² आणि 1 − e⁻ˢ, एकाच ठिकाणी, s = 2πi ला, शून्य होतात. उत्तरात t·cos 2πt असं पद येतं आणि झोका दर सेकंदाला आणखी एका व्होल्टने वाढतो. वारंवारता दोन, तीन किंवा कुठलीही पूर्ण संख्या असली तरी हेच घडतं, कारण करवतीच्या दातांत त्या सगळ्या वारंवारता दडलेल्या असतात. प्रत्यक्षात कॉइलच्या तारेचा रोध ही वाढ कुठेतरी थांबवतो, पण तो समीकरणात घातला तरच.