माळ आठवी की दहावी?

शारदीय नवरात्र आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ते दिवसाने नव्हे, माळेने मोजले जाते. घटावर रोज एक माळ चढते आणि पाचवी माळ, सातवी माळ अशीच बोली असते. कान्हूर मेसाईच्या मेसाईचे नवरात्र असो की कुरकुंभच्या फिरंगाईचे, मोजणी याच हिशेबाने चालते. बहुतेक वर्षी माळ आणि तिथी बरोबर चालतात, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज होतो. ज्या वर्षी त्या फारकत घेतात, त्या वर्षी ‘पंचांगवाल्यांनी घोळ घातला’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्याला जोडून दुसरेही येते: नवरात्र नऊच रात्रींचे, आठ रात्रींचे झाले तर ते खंडित आणि म्हणून अशुभ.

या दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे. तिथी म्हणजे वार किंवा तारीख, असे गृहीत धरले जाते. वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मध्यरात्री. तिथी मात्र या दोन्ही वेळांना बांधलेली नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, मग ती वेळ दुपारची असो वा पहाटेची. चंद्राचा वेग सारखा नसतो. तो पृथ्वीच्या जवळ असताना झपाट्याने पुढे सरकतो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे कोणती तिथी जेमतेम २० तासांत आटोपते, तर कोणती २६ तासांहूनही लांबते. सरासरी २३ तास ३७ मिनिटे, म्हणजे दिवसापेक्षा थोडी कमीच.

आता प्रश्न उरतो तो दिवसाला तिथीचे नाव देण्याचा. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, तिचे नाव त्या दिवसाला मिळते. एखादी लांब तिथी दोन सूर्योदय गाठते, तेव्हा दोन्ही दिवस तिच्या नावाचे होतात. ही वृद्धी. एखादी आखूड तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपते आणि तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही. हा क्षय. क्षय झालेली तिथी नाहीशी होत नाही. तिचे तास पूर्ण भरतात, फक्त सूर्योदय हुकतो.

२०२५ सालचे नवरात्र या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. घटस्थापना सोमवारी, २२ सप्टेंबरला झाली. तृतीया २४ सप्टेंबरला पहाटे ४ वाजून ५१ मिनिटांनी लागली आणि २५ तारखेला सकाळी ७ वाजून ६ मिनिटांनी संपली. म्हणजे तिची लांबी २६ तास १५ मिनिटे. चंद्र तेव्हा पृथ्वीपासून आपल्या दूरच्या टोकाला पोचत होता, म्हणून ही मंद चाल. दौंडला त्या दिवसांत सूर्य साधारण ६ वाजून २१ मिनिटांनी उगवत होता. त्यामुळे २४ आणि २५ या दोन्ही तारखांच्या सूर्योदयाला तृतीयाच होती. पुढचे सारे एका दिवसाने सरकले. २६ तारखेला माळ पाचवी, पण तिथी चतुर्थी. ३० तारखेला माळ नववी, पण तिथी अष्टमी. नवमी आली १ ऑक्टोबरला दहाव्या माळेसह आणि दसरा २ ऑक्टोबरला. नववी माळ झाली म्हणून ३० तारखेलाच घट उठवणे म्हणजे अष्टमीला नवरात्र संपवणे होय. घोळ झालाच असेल, तर तो पंचांगात नसून माळा मोजण्यात आहे.

उलटे उदाहरण २०२१ चे. घटस्थापना ७ ऑक्टोबरला होती आणि चंद्र लगेच दुसऱ्या दिवशी पृथ्वीच्या जवळच्या टोकाला होता. चतुर्थी ९ ऑक्टोबरला सकाळी ७ वाजून ४८ मिनिटांनी लागली आणि १० तारखेला पहाटे ४ वाजून ५५ मिनिटांनी संपलीही. २१ तासांच्या या तिथीला ९ तारखेचा सूर्योदय मिळाला नाही, कारण तो आधीच झाला होता. १० तारखेचाही नाही, कारण तो व्हायचा होता. ९ तारीख तृतीयेची, १० तारीख थेट पंचमीची. नवमी १४ ऑक्टोबरला, दसरा १५ ला. नवरात्र आठ दिवसांचे, पण तिथी मात्र नऊच्या नऊ.

अशुभाची भीती घालणाऱ्यांनी तरी निदान धर्मग्रंथ उघडून पाहावेत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त नवरात्र हे प्रतिपदेपासून महानवमीपर्यंत करायच्या कर्माचे नाव आहे, असा अर्थ लावला आहे. नऊ रात्रींची गणती ही त्याची अट नाही. त्याआधी १६१२ मध्ये काशीत कमलाकरभट्टांनी ‘निर्णयसिंधु’ लिहिला. तिथीक्षयामुळे आठच रात्री झाल्या तर नवरात्र वाया जाते का, हा आक्षेप त्यांच्याही समोर होता, आणि त्यात दोष नाही असाच निर्णय त्यांनी दिला. चारशे वर्षांपूर्वी निकाली निघालेली शंका दर काही वर्षांनी नवी म्हणून पुढे येते, हेच खरे आश्चर्य. अशा वर्षी क्षय तिथीची माळ आदल्या तिथीच्या माळेबरोबर एकाच दिवशी वाहण्याची रीत आहे. वृद्धी असेल तर एक माळ जास्त होते.

आठ किंवा दहा हा आकडा केवळ क्षय-वृद्धीवर ठरतो, असेही नाही. दसरा सूर्योदयाच्या तिथीवर नव्हे, तर अपराह्णकाळी, म्हणजे दुपारनंतर दशमी असेल त्या दिवशी मानतात. २०२० मध्ये एकाही तिथीचा क्षय नव्हता. तरी १७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेनंतर नवव्याच दिवशी, २५ तारखेला दसरा आला, कारण सकाळी ७ वाजून ४१ मिनिटांनी नवमी संपून दुपारी दशमी होती. उलट २०२४ मध्ये तृतीयेची वृद्धी असूनही दसरा नेहमीसारखा दहाव्या दिवशीच आला.

२०२० मध्ये अधिक मास होता म्हणून दिवस बदलले, हे म्हणणेही चूक आहे. अधिक मासाने अख्खे नवरात्र उशिरा येते, त्याचे दिवस वाढत किंवा घटत नाहीत. ‘नवरात्र नेहमीच दहा दिवसांचे असते’ म्हणणारे दसराही त्यात धरतात. टिळक पंचांग आणि इतर पंचांगे अयनांशावरून वेगळी पडतात, पण तिथी त्याने बदलत नाही, कारण ती चंद्र-सूर्यातील अंतरावर ठरते.

गावोगावी फरक पडू शकतो तो सूर्योदयामुळे. तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो, पण दौंडचा सूर्य मुंबईच्या सुमारे सात मिनिटे आधी उगवतो. २०२५ मधली २५ सप्टेंबरची तृतीया ७ वाजून ६ मिनिटांऐवजी ६ वाजून २५ मिनिटांनी संपली असती, तर दौंडला तिची वृद्धी झाली असती आणि मुंबईत झाली नसती. न्यूयॉर्कच्या मराठी घरांत हा फरक त्या वर्षी प्रत्यक्ष पडला: तिथे तृतीयेला २४ सप्टेंबरचा एकच सूर्योदय मिळाला आणि २५ तारखेला सकाळी चतुर्थी होती.